सहकाऱ्याच्या शोधनिबंधाचं किंवा पेटंटचं अभिनंदन कसं करावं, आणि पडद्यामागच्यांचं कसं

आमच्या विभागात एकदा प्रवेशद्वारावर "पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन" असा फलक लागला. हार झाले, पेढे झाले. आठवड्याभराने कळलं, की अर्ज फक्त प्रसिद्ध झाला होता, त्याची तपासणीही सुरू झालेली नव्हती. ज्यांचं अभिनंदन झालं, त्यांना पुढे कितीतरी महिने भेटेल त्याला खुलासा करावा लागला. फलकाचा मजकूर मीच लिहिला होता. म्हणून पहिली पायरी आधी सांगतो.

नेमकं काय झालंय ते विचारा

शोधनिबंधाच्या बाबतीत "स्वीकारला गेला" आणि "प्रसिद्ध झाला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, म्हणजे डीओआय, मिळाला आणि तो उघडल्यावर निबंध दिसला, की निर्धास्तपणे सगळ्यांना सांगा. तोवर अभिनंदन खासगीत ठेवलेलं बरं.

पेटंटमध्ये पायऱ्या जास्त असतात. भारतात अर्ज दाखल झाल्यावर साधारण 18 महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. लवकर प्रसिद्ध करा अशी वेगळी विनंती केली तर त्याआधीही होतो. प्रसिद्ध होणं म्हणजे अर्ज लोकांसमोर येणं, एवढंच. तपासणीसाठी वेगळी विनंती करावी लागते, मग आक्षेप येतात, त्यांना उत्तरं द्यावी लागतात, आणि त्यानंतर पेटंट मंजूर झालं तर होतं. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकला की आजची स्थिती दिसते. ती पाहून "अर्ज प्रसिद्ध झाल्याबद्दल" किंवा "पेटंट मंजूर झाल्याबद्दल" यांपैकी खरं असेल ते लिहा. वस्तूच्या दिसण्याची डिझाइन म्हणून नोंदणी झालेली असते, तिलाही आपल्याकडे सर्रास पेटंट म्हणतात. ती वेगळ्या कायद्याखाली होणारी वेगळी नोंदणी आहे.

अर्ज अजून दाखलच झालेला नसेल, तर कुठल्याही ग्रुपवर एक शब्दही लिहू नका. शोधाचा तपशील आधी जाहीर झाला, तर त्याचं नावीन्यच धोक्यात येतं आणि पेटंट हातचं जाऊ शकतं. "बाहेर सांगायचं का?" एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो.

एक जागा तरी नीट वाचा

पूर्ण निबंध कळला नाही तरी चालेल. सारांश, एखादी आकृती आणि शेवटचा ऋणनिर्देश वाचा. समजा, तुमच्या सहकारी मॅडमनी यवतमाळ जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर काम केलंय. एकेका विहिरीचे उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यानंतरचे आकडे त्यांनी शेजारी-शेजारी ठेवलेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालतं. कुठल्या विहिरी कोणत्या ऋतूत ही रेषा ओलांडतात, ते त्या तक्त्यात दिसतं. तुमच्या अभिनंदनात ही एक गोष्ट आली, की मॅडमना कळतं, यांनी वाचलंय. नुसतं "ग्रेट वर्क" त्यांना दिवसभरात वीस जणांकडून आलेलं असतं.

आकडा मागे-मागे शोधत जा

पडद्यामागची माणसं शोधण्याची माझी रीत सोपी आहे. तक्त्यातला एक आकडा घ्यायचा आणि तो तिथपर्यंत कसा आला, ते उलटं विचारत जायचं. पाणी विहिरीतून कोणी काढलं? गावातल्या कोणीतरी विहीर दाखवली असेल, गाडीवाले काका भर उन्हात सोबत फिरले असतील. नमुने काचेच्या बाटल्यांत नव्हे, प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरावे लागतात, कारण फ्लोराइडची काचेशी क्रिया होऊ शकते. त्या बाटल्या धुऊन, क्रमांक लिहून कोणी दिल्या? फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड रोज सकाळी प्रमाणित द्रावणांवर कोणी जुळवून घेतला? न जुळणारे नमुने पुन्हा कोणी मोजले? आकडेमोड कोणी तपासली? जुने संदर्भ कोणत्या ग्रंथपालांनी मागवून दिले? खरेदीची फाईल कोणी पुढे ढकलली?

एवढं विचारलं की मॅडमना स्वतःलाच एखादं विसरलेलं नाव आठवतं. हा प्रश्न त्यांना एकांतात विचारा. चारचौघांत विचारला तर हिशेब मागितल्यासारखा वाटतो.

नाव घेण्याआधी संमती, आणि कामाचा नेमका उल्लेख

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही सांगते, की ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी, कारण नाव आलं की तिला निष्कर्ष मान्य आहेत असा अर्थ निघू शकतो. ग्रुपवरच्या अभिनंदनालाही हेच लागू आहे. दुसऱ्या खात्यातल्या कोणी सुट्टीच्या दिवशी यंत्र वापरू दिलं असेल, तर नाव जाहीर झाल्याने त्यांचीच पंचाईत होईल. त्यांना फोन करून आभार माना.

"मोलाचं सहकार्य" लिहू नका, काम लिहा. 1955 साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत फर्मी, पास्ता आणि उलाम या शास्त्रज्ञांचा संगणकावरच्या प्रयोगाचा प्रसिद्ध अहवाल निघाला. मेरी सिंगू यांचं नाव लेखकांत नव्हतं. मात्र पहिल्याच पानाच्या तळटीपेत, गणितं संगणकासाठी लिहून मॅनियॅक यंत्रावर चालवल्याबद्दल त्यांचे आभार होते. 2008 मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने त्यांच्या वाट्याची ही गोष्ट पुन्हा मांडली, आणि आता अनेक जण त्या प्रयोगातून पुढे आलेल्या प्रश्नाच्या नावात सिंगू यांचंही नाव जोडतात. त्या तळटिपेत काम लिहिलेलं होतं, म्हणून ते इतक्या वर्षांनी कोणाला तरी दाखवता आलं.

पण भरात येऊन कोणाला "सहलेखक" किंवा "सहसंशोधक" करू नका. पेटंटमध्ये शोधक कोण हे कायद्याने ठरतं. कल्पनेत वाटा असलेला शोधक होतो, सांगितल्याप्रमाणे मोजमाप करणारा होत नाही. उद्या कोणी पेटंटला विरोध केला, तर तुमचा सद्भावनेचा संदेशही पुढे येऊ शकतो.

संदेश आणि क्रम

आधी मॅडमना भेटून बोला. मग ज्यांची नावं घेणार त्यांना भेटा. ग्रुप शेवटी. मजकूर असा असू शकतो:

"मॅडम, फ्लोराइडवरचा तुमचा निबंध वाचला. एकाच विहिरीचे दोन ऋतूंतले आकडे शेजारी पाहिल्यावर उन्हाळ्याचा प्रश्न किती वेगळा आहे ते कळलं. मनापासून अभिनंदन! प्रयोगशाळेतल्या मामांनी रोज सकाळी इलेक्ट्रोड जुळवून दिला आणि शंकास्पद नमुने पुन्हा मोजले, ग्रंथालयातल्या ताईंनी जुने अहवाल मिळवून दिले. त्या दोघांचंही अभिनंदन."

तोंडी हाक मामा-ताई असली, तरी लेखी संदेशात त्यांचं पूर्ण नाव आणि आडनाव घाला. मॅडमना सगळे नावाने ओळखतात. मामांचं आडनाव मात्र विभागातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं.

मामांना निबंधाची छापील प्रत द्या, मॅडमच्या सहीसह. ऋणनिर्देशात त्यांचं नाव असेल त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारा आणि ती मराठीत वाचून दाखवा. त्यांच्या कामाबद्दल चार ओळींचं पत्र विभागप्रमुखांच्या नावे द्या, म्हणजे ते त्यांच्या कागदपत्रांत राहील. ग्रुपवरचा संदेश दोन दिवसांत वर सरकून जातो.

कोणी राहून गेलंच, तर त्याच ग्रुपवर त्याच दिवशी दुसरा संदेश टाका: पूर्ण नाव, केलेलं काम, आणि "हे माझ्याकडून राहिलं होतं". कारणं देत बसू नका. छापलेल्या ऋणनिर्देशातच नाव राहिलं असेल, तर दुरुस्तीसाठी संपादकांना लिहायचं की नाही ते मॅडमनी ठरवायचं. तुम्ही त्यांच्या कानावर घाला, तेही पेढे वाटून झाल्यावर.