वेगांची वजाबाकी हवी तिथे बेरीज: गुण कुठे कापावेत?

72 आणि 54 किमी/तास वेगाच्या, 150 आणि 100 मीटर लांबीच्या दोन गाड्या एकाच दिशेने धावत आहेत. वेगवान गाडी दुसरीला पूर्ण ओलांडायला किती वेळ घेईल? बरोबर उत्तर 50 सेकंद, कारण सापेक्ष वेग 18 किमी/तास, म्हणजे 5 मी/से. मुलाने वेग मिळवले: 126 किमी/तास, म्हणजे 35 मी/से, आणि उत्तर आलं सुमारे 7 सेकंद.

उत्तर चुकलं म्हणून सगळ्यावर काट मारू नका. चार गुणांचं गणित असेल, तर सापेक्ष वेगाचा एक गुण कापा. एकक-रूपांतर, 250 मीटर अंतर आणि भागाकार त्याच्या आकड्यांनुसार बरोबर आहेत. ते तीन गुण त्याचेच. लांबीची बेरीज मात्र नीट पाहा, कारण दिशा कोणतीही असो, लांब्या मिळवायच्याच असतात. 'एकच दिशा म्हणजे वजाबाकी' एवढंच पाठ केलेली मुलं लांब्याही वजा करतात, आणि ती वेगळी चूक आहे.

समासात नुसतं 'चूक' न लिहिता विचारा: "7 सेकंदांत वेगवान गाडी 140 मीटर गेली, दुसरी 105. मग वेगवान गाडी दुसरीपेक्षा किती मीटर जास्त पुढे सरकली?" उत्तर 35. हवे होते 250.