बिल्डरच्या भाड्याचे चेक हातात आले की : वटेपर्यंतची तयारी

लालबाग, गिरगाव, दादरला चाळी आणि जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की भाडेकरूंच्या हातात बिल्डर चेकचा गठ्ठा ठेवतो. बहुतेक वेळा वर्षभराच्या भाड्याचे, दर महिन्याच्या पुढच्या तारखा घातलेले. खोली रिकामी करायची घाई असते, म्हणून लोक चेक मोजतात, सही करून पोच देतात आणि पाकीट कपाटात ठेवतात. खरी तयारी त्या टेबलावरच करायला हवी. सहा महिन्यांनी एखादा चेक परत आला तर तो बदलून घ्यायला बिल्डरच्या ऑफिसात खेटे घालावे लागतात, आणि तोवर खोलीची चावी आपल्याकडे नसते.

चेक हातात घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : हा कागद बिल्डरच्या बँकेत जाणारच नाही. मुंबईत एप्रिल 2013 पासून चेक ट्रंकेशन, म्हणजे सीटीएस पद्धत आहे. तुम्ही चेक भरला की मूळ कागद तुमच्याच बँकेकडे राहतो. पुढे जातात त्याची छायाचित्रं, पुढच्या बाजूची दोन आणि मागची एक, शिवाय तळाच्या पांढऱ्या पट्टीवरचे आकडे. बिल्डरच्या बँकेतला माणूस पडद्यावर फोटो बघून पैसे द्यायचे की नाही ते ठरवतो. म्हणून प्रत्येक चेक त्याच्या नजरेने बघा. फोटोत काय दिसेल?

सही गडद शाईत आणि पूर्ण असावी. फिक्या किंवा रंगीत शाईची सही राखाडी फोटोत पुसट होते. कंपनीचा रबरी शिक्का सहीवर, रकमेवर किंवा तारखेवर चढलेला नसावा. हे फार वेळा होतं, कारण ऑफिसातला मुलगा पन्नास जणांचे चेक एका दमात शिक्के मारत सुटतो. खाली डावीकडून सुरू होणारी आकड्यांची पट्टी कोरी आणि सपाट हवी. तिच्यावर टाचणी, स्टेपल, घडी, पेनाची रेघ काहीही नको. त्या पट्टीत आधी सहा अंकी चेक नंबर असतो आणि मग नऊ अंकी एमआयसीआर कोड. कोडचे पहिले तीन अंक शहराचे, मुंबईसाठी 400. पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. यंत्र चेक कुणाकडे पाठवायचा ते याच आकड्यांवरून ठरवतं.

खाडाखोड असलेला चेक तिथल्या तिथे परत करा. "मी इथे सही करून देतो ना," असं कुणी म्हणालं तरी घेऊ नका. नावात किंवा रकमेत दुरुस्ती केलेला चेक सीटीएसमध्ये चालत नाही, शेजारी सही असली तरी नाही. नवा चेक लिहून घ्यायचा. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते का, हे गठ्ठ्यातल्या प्रत्येक चेकवर वाचा. अकराव्या-बाराव्या चेकपर्यंत लिहिणाऱ्याचा हात थकलेला असतो.

नावाकडे मात्र वेगळ्या कारणासाठी बघायचं. सही बिल्डरची बँक तपासते, पण पैसे योग्य माणसाच्या खात्यात जातायत का, हे बघायची जबाबदारी तुमच्या बँकेची. चाळीच्या पावतीवर सासूबाईंचं नाव, करारात सुनेचं आणि बँकेत माहेरचं, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. करार होतानाच पासबुकाचं पहिलं पान पुढे करा आणि त्यातल्याच स्पेलिंगने चेक लिहून घ्या. मग प्रत्येक चेकचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि नंबर, तारीख, रक्कम वहीत उतरवून ठेवा.

कॉर्पसचा, म्हणजे पुनर्विकासात बिल्डर भाड्याव्यतिरिक्त देतो त्या ठोक रकमेचा, किंवा एकरकमी भाड्याचा मोठा चेक असेल तर आणखी एक काम आहे. जानेवारी 2021 पासून 50,000 रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे ही सोय आहे. त्यात चेक देणाऱ्याने आपल्या बँकेला चेकचा नंबर, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम आधीच कळवायची असते. 5 लाख आणि त्यावरच्या चेकसाठी बँक हे सक्तीचं करू शकते. कळवलं नसेल किंवा कळवलेलं चेकशी जुळत नसेल, तर खात्यात भरपूर पैसे असूनही चेक परत येऊ शकतो. हे तुम्ही करू शकत नाही, चेक देणाऱ्यालाच करावं लागतं. म्हणून मोठा चेक भरण्याच्या आदल्या दिवशी बिल्डरच्या अकाउंट्सवाल्याला फोन करा आणि "पॉझिटिव्ह पे टाकलंय का?" असं सरळ विचारा.

आता भरण्याचा दिवस. चेकवरच्या तारखेआधी भरला तर तो आगाऊ तारखेचा म्हणून परत येईल, आणि तारखेपासून तीन महिने उलटले की शिळा होईल. पूर्वी सहा महिने मिळत, एप्रिल 2012 पासून तीनच. मागच्या बाजूला खातं नंबर आणि मोबाइल नंबर लिहा. चेक ड्रॉपबॉक्समध्ये टाकण्यापेक्षा काउंटरवर द्या आणि स्लिपच्या आपल्या भागावर शिक्का घ्या. ड्रॉपबॉक्स असला तरी काउंटरवर पोच मागण्याचा तुमचा हक्क आहे. सकाळीच जा, कारण शाखेची चेक घेण्याची वेळ टळली तर तो दुसऱ्या दिवशीच्या कामात जातो. तुमचं खातं छोट्या सहकारी बँकेत असेल तर ती बँक क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवाणघेवाणीत, स्वतः नसून एखाद्या मोठ्या बँकेमार्फत असू शकते. तसं असेल तर थोडा जास्त वेळ धरून चाला.

समजा, 42,000 रुपयांचा, 5 जानेवारी तारखेचा चेक आहे. तुमची बँक दादरची, बिल्डरची अंधेरीची. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसातून एकदाच गठ्ठ्याने जात नाहीत. शाखेत स्कॅन झाला की फोटो लगेच क्लिअरिंग हाउसकडे आणि तिथून अंधेरीच्या बँकेकडे जातो. तिथे आधी संगणक बघतो : या नंबरचा चेक या खात्याला दिला होता का, पेमेंट थांबवायची सूचना आहे का, शिल्लक पुरेशी आहे का. मग अधिकारी सही नमुन्याशी ताडून बघतो. होकार किंवा नकार संध्याकाळी सातपर्यंत कळवावा लागतो. काहीच कळवलं नाही तर होकार धरला जातो. सकाळी अकरापासून दर तासाला हिशोब मिटवला जातो. तुमच्या 42,000 रुपयांसाठी कुणी वेगळे पैसे पाठवत नाही. त्या तासातल्या सगळ्या चेकचं देणं-घेणं वजा करून उरलेली रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या बँकांच्या खात्यांतून इकडची तिकडे होते. हिशोब मिटल्याची खबर आली की साधारण तासाभरात तुमच्या बँकेने पैसे तुम्हाला वापरायला द्यायचे असतात.

बिल्डरच्या दृष्टीने यात एक बदल झालाय आणि तो तुम्हालाही माहीत हवा. पूर्वी चेक लागायला दुसरा दिवस उजाडायचा, तोवर खात्यात पैसे भरायला सवड असे. आता शिल्लक त्याच दिवशी हवी. फ्लॅट घेणाऱ्याचा हप्ता उद्या येईल, या भरवशावर दिलेला चेक आज परत जातो.

चेक परत आला तर आधी रिटर्न मेमो मागून घ्या आणि त्यावरचं कारण वाचा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. 01 म्हणजे शिल्लक अपुरी. 03 म्हणजे बिल्डरने खात्यात भरलेला दुसरा चेक अजून वटलेला नाही, पुन्हा भरा. 12 म्हणजे सही जुळत नाही. कंपनीत सही करणारा भागीदार बदलला की हे हमखास होतं, आणि मग गठ्ठ्यातले उरलेले सगळे चेक बदलून घ्यावे लागतात. 20 म्हणजे पेमेंट थांबवलं. 50 म्हणजे खातंच बंद. याशिवाय फोटो अस्पष्ट येणं, लाइन बंद असणं अशी तांत्रिक कारणं असतात. त्यात तुमचा दोष नसतो, म्हणून बँकेने दंड लावायचा नसतो आणि तुम्ही न सांगताही चोवीस तासांत पुढच्या क्लिअरिंगला चेक पुन्हा लावायचा असतो. त्याचा एसएमएसही यायला हवा. तरीही खात्यातून दंड कापला गेला असेल तर मेमो दाखवून परत मागा.

शिल्लक अपुरी असेल तर तीन महिन्यांच्या आत चेक पुन्हा भरता येतो. बिल्डरचा माणूस फोनवर "सोमवारी टाका" म्हणेल. एकदा टाकायला हरकत नाही, पण मेमो हातात पडला तो दिवस वहीत लिहून मगच टाका. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 प्रमाणे मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. आपल्या उदाहरणात मेमो 7 जानेवारीला मिळाला, तर नोटीस 6 फेब्रुवारीपर्यंत निघायला हवी. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. नोटिशीत चेकची रक्कम, म्हणजे 42,000, स्पष्टपणे मागा. इतर थकबाकी, शिफ्टिंगचा खर्च, मनस्ताप सगळं एका आकड्यात मिसळलं तर नोटीसच कच्ची ठरू शकते. ती 28 जानेवारीला बिल्डरला पोचली असं धरा. त्याला पैसे द्यायला 15 दिवस, म्हणजे 12 फेब्रुवारीपर्यंत. दिले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या हद्दीतलं कोर्ट चालतं. बिल्डरचं ऑफिस कुठे आहे याने फरक पडत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खातं बंद करून, पेमेंट थांबवून किंवा मुद्दाम वेगळी सही करून कलम 138 मधून सुटता येतं, हा समज खोटा आहे. कोर्टांनी ही कारणंही त्यात धरली आहेत.

इथपर्यंत गेलात तर वकिलाकडे जाताना मूळ चेक, मूळ मेमो, शिक्का मारलेली स्लिप, करारातलं भाड्याचं पान आणि नोटिशीची पोस्टाची पोच एकाच फाइलमध्ये घ्या. चेक परत येतो तेव्हा मूळ कागद तुमची बँक तुम्हाला देते, तो घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. आणि त्याच बिल्डरचे चेक मिळालेल्या शेजाऱ्यांना फोन करा. एका खात्याची शिल्लक अपुरी असेल तर त्याच तारखेचे सगळ्यांचे चेक परत आलेले असतात. नोटीस प्रत्येकाची वेगळी जाते, कारण चेक वेगळा, मेमो वेगळा आणि 30 दिवसांची मोजणीही वेगळी.