मातीच्या गिलाव्याचा हिशेब: माती, भुसा आणि शेण किती लागेल?

मातीच्या घरांच्या दुरुस्तीच्या कामावर नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्यांदा जाडी मोजायला शिकवतो. लांबी-उंची सगळ्यांनाच मोजता येते. सामान कमी पडतं ते जाडीच्या चुकीच्या अंदाजामुळे. कच्च्या विटांच्या जुन्या भिंतीवर आपण ठरवलेली जाडी कधीच बसत नाही. कुठे फुगवटा असतो, कुठे पावसाने खाल्लेला खड्डा.

एक खरंखुरं वाटावं असं उदाहरण घेऊ. भिंत 5 मीटर लांब, 3 मीटर उंच, म्हणजे 15 चौरस मीटर. त्यातून दार (0.9 × 2) आणि खिडकी (0.9 × 1.2) वजा केल्यावर साधारण 12 चौरस मीटर उरतात.

आता जाडी. भिंतीच्या चारही कोपऱ्यांत खिळे ठोकून ओळंब्यात दोऱ्या ताणायच्या. सगळ्यात पुढे आलेल्या फुगवट्यावर दोरी आणि भिंत यांत निदान 15 मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. तेवढं राहत नसेल तर फुगवटा आधी तासून घ्यावा, कारण तिथला पातळ थर लवकर सुटतो. मग वेगवेगळ्या सहा जागी अंतर मोजायचं. समजा 15, 28, 42, 35, 24 आणि 36 आलं. सरासरी 30 मिलिमीटर. मालकाच्या डोक्यात 15 मिलिमीटरचा गिलावा असतो. तो धरून माती आणली तर अर्ध्या भिंतीवरच ढीग संपतो.

म्हणजे भिंतीवर बसणारा गिलावा 12 × 0.03 = 0.36 घनमीटर. पण कोरडी, भुसभुशीत माती पाणी पडल्यावर बसते, त्यामुळे ती जास्त आणावी लागते. किती, हे मातीवर ठरतं, म्हणून मी आधी त्याच ढिगातली दहा घमेली माती भिजवून, तुडवून बघतो. सात घमेल्यांच्या आसपास चिखल निघाला तर गुणक 1.4 धरायचा. 0.36 × 1.4 म्हणजे सुमारे 0.5 घनमीटर. सांडलवंड आणि चाळणीवर राहणारे खडे यांसाठी दहा टक्के वाढवून 0.55 घनमीटर मागवायची. ब्रासच्या भाषेत हा पाचवा हिस्सा. घमेलं 14 लिटरचं असेल तर जवळपास 40 घमेली. तुमचं घमेलं किती लिटरचं आहे ते पाण्याची बादली ओतून एकदा मोजून ठेवा.

भुसा वजनावर घ्या. एक घनमीटर सुट्ट्या मातीला 35 किलो हे प्रमाण चांगलं चालतं, म्हणजे इथे सुमारे 19 किलो. गव्हाचा भुसा उत्तम. भाताचा पेंढा असेल तर बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब कापून घ्यावा. पोत्यावर हिशेब करू नये, कारण दाबून भरलेलं आणि सैल भरलेलं पोतं यांच्या वजनात फार फरक असतो.

शेण दोन ठिकाणी लागतं. मुख्य गिलाव्यात मातीच्या दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे साधारण 55 लिटर. वरून सारवण्याच्या हातासाठी चाळलेली माती आणि शेण समसमान, दोन मिलिमीटर थराला दोन्ही 15-15 लिटर घेतलं तर पुरतं. एकूण 70 लिटर शेण, तेही ताजं. दोन गाईंच्या घरात हे एका दिवसात जमत नाही, त्यामुळे चार-पाच दिवस आधीच सांगून ठेवावं लागतं. वाळलेल्या गोवऱ्या फोडून टाकल्या तर तो चिकटपणा येत नाही.

हे आकडे पक्के करण्याआधी भिंतीच्या कोपऱ्यात दोन फूट चौकोनात नमुना लावून पूर्ण वाळू द्या. मी हे कधीच टाळत नाही. नमुन्यावर जाळीसारख्या भेगा आल्या तर माती जास्त चिकण आहे: वाळू किंवा भुसा वाढवा. हात फिरवल्यावर भुगा निघाला तर चिकण मातीचा अंश कमी आहे. काळी कपाशीची माती एकटी वापरू नका, ती वाळताना इतकी आकसते की भुसाही तिला धरून ठेवू शकत नाही. नमुन्यात वाळू घालावी लागली, तर तेवढी माती एकूण मापातून कमी करा.

माती आणि भुसा भिजवून काही दिवस मुरवा, रोज एकदा परता. काड मऊ पडलं की मिश्रण थापीला चिकटून राहतं. भिंत शिंपडून ओली केल्याशिवाय थर देऊ नका, नाहीतर कोरडी वीट चिखलातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा आतून सुटतो. वाळल्यावर बोटाने ठोकून पाहा: पोकळ आवाज आला तर तेवढा भाग काढून पुन्हा लावावा लागेल. 42 मिलिमीटरचे खड्डे आधी वेगळे भरून वाळू द्या, मग सगळीकडे वीसेक मिलिमीटरचा थर आणि शेवटी बारीक हात. जाड थर एकदम दिला तर तो स्वतःच्या वजनानेच खाली सरकतो.

उरलेली कोरडी माती फेकू नका. दोन-तीन पाटी पोत्यात बांधून छपराखाली ठेवा. पावसाळ्यानंतर डागडुजीला त्याच ढिगातली माती वापरली तर जोड सारखाच आकसतो आणि सांध्यावर भेग पडत नाही.