सजेशनमधला शब्द घेतला, तरी व्हिडिओ सापडत नाही? या चुका टाळा

मावशीच्या चॅनेलचं नाव, टायटल, थंबनेल सगळं मी बघतो. ती नायगावच्या घरात मासे करते, मी शूट करतो. पहिलं वर्षभर आमचा एकच खाक्या होता: यूट्यूबच्या सर्चमध्ये `bombil fry` लिहायचं, खाली जी पहिली सूचना येईल तीच टायटलमध्ये टाकायची. `bombil fry recipe marathi` हा आमचा व्हिडिओ सर्चमधून जवळजवळ कुणालाच सापडला नाही. रेसिपी चांगली होती, मीठही बरोबर होतं. चूक शब्द निवडण्यात होती, आणि नव्या चॅनेलवाल्यांकडून ती आजही सर्रास होते.

पहिली सूचना म्हणजे सगळ्यात मोठी संधी, हा समज

सर्चच्या खाली येणाऱ्या सूचना लोकांच्या खऱ्या शोधांवरून येतात, हे खरं. पण त्या तुमची भाषा, तुमचं ठिकाण आणि तुम्ही आधी काय पाहिलंय यावरही ठरतात. त्यांच्या क्रमावरून कोणता शब्द किती वेळा शोधला जातो ते कळत नाही. मी रोज मावशीचेच व्हिडिओ बघायचो, त्यामुळे माझ्या फोनवर माशांच्याच सूचना यायच्या आणि मला वाटायचं, अख्खी मुंबई हेच शोधतेय.

इन्कॉग्निटो विंडो उघडून, लॉगिन न करता शोधा. तुमचा इतिहास त्यातून बाजूला होतो. ठिकाण मात्र मुंबईच राहतं, म्हणून हिंदी सूचना मधेमधे येणारच. त्यांना कचरा समजू नका. लोकांना कुठे अडतं ते त्यातूनही कळतं.

एकाच लिपीत शोधणं

मराठी माणूस मराठीतच शोधतो, पण टाईप करताना कधी देवनागरी वापरतो, कधी रोमन, तर कधी थेट माईकवर बोलतो. `bombil fry` आणि `बोंबील फ्राय` यांच्या सूचना वेगवेगळ्या येतात. `बोंबिल` असं ऱ्हस्व लिहिलं तरी यादी बदलते. तिन्ही यादी वेगळ्या काढा.

मग मूळ शब्दापुढे एक स्पेस द्या आणि एकेक अक्षर लिहून बघा. देवनागरीत नुसतं `क` लिहून थांबू नका, `का`, `कि`, `कु` हेही करा, कारण काना-मात्रा बदलली की सूचनाही बदलतात. `बोंबील फ्राय त` इतकं लिहिल्यावर आम्हाला `बोंबील फ्राय तुटू नये म्हणून` ही ओळ दिसली. रोमनमध्ये नुसतं पुढे पुढे बघत राहिलो असतो तर ती हाती लागली नसती.

कुणी केलेलं नाही म्हणजे जागा रिकामी आहे, असं समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बोंबलाचा पुलाव मराठीत कुणी दाखवलेला आम्हाला सापडला नाही, म्हणून आम्ही दोन दिवस घालवून तो व्हिडिओ केला. सर्चमधून कुणी आलं नाही. `बोंबील पु` लिहून बघितलं असतं तर आधीच कळलं असतं: एकही सूचना येत नव्हती. कुणी विचारतच नव्हतं.

रिकामी जागा म्हणायची तर दोन्ही गोष्टी हव्यात. सूचना यायला हवी, आणि तिच्यावर टिचकी मारल्यावर वर येणाऱ्या व्हिडिओंत त्या प्रश्नाचं उत्तर नसायला हवं. `bombil fry recipe marathi` ला सूचना आहे, पण वर जुने, मोठे चॅनेल नेमकं तेच दाखवतात. तिथे नव्या माणसाला जागा मिळणं कठीण. `तुटू नये म्हणून` चं चित्र वेगळं होतं. ते आम्ही असं तपासलं.

वहीत चार रकाने पाडले: टायटल, तारीख, उत्तर आहे का आणि कितव्या मिनिटाला, खालच्या कमेंटमध्ये लोक काय विचारतात. वरचे 10 व्हिडिओ उघडले. बहुतेक ठिकाणी नेहमीची रेसिपी आणि टायटलमध्ये ‘कुरकुरीत’ हा शब्द. दोन हिंदीत होते. एकाने बोंबील दाबून ठेवायला सांगितलं होतं, पण एका वाक्यात. कशाखाली, किती वेळ, हे कुणीच दाखवलं नव्हतं. कमेंट ‘नवीन आधी’ लावून वाचल्या तर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा: ताई, तव्यावर टाकला की तुटतो, काय करू?

उत्तर मावशीला ठाऊकच होतं. बोंबील पाण्यानेच भरलेला असतो, ते पाणी तव्यावर सुटलं की मासा मऊ पडतो आणि उलथण्यावरच मोडतो. ती बोंबील चिरून उघडते, मधला काटा काढते, मीठ लावून दोन सुती फडक्यांच्या मधे ठेवते आणि वर पाटा. अर्ध्या-पाऊण तासात खालचं फडकं चिंब होतं. मग मसाला, तांदळाचं पीठ आणि रवा, आणि तव्यावर फक्त एकदाच उलटायचा. भिजलेलं फडकं पिळतानाचं दृश्य आम्ही थंबनेलवर घेतलं.

समोरच्या चॅनेलचे टॅग उतरवून काढण्यात मात्र वेळ घालवू नका. टॅगचा वाटा फार थोडा असतो, असं यूट्यूब स्वतः सांगतं. शब्द चुकीचा लिहिला जात असेल तर त्याचा उपयोग. त्यापेक्षा त्या चॅनेलच्या व्हिडिओंच्या पानावर ‘लोकप्रिय’ लावा आणि त्याच्या नेहमीच्या व्हिडिओंपेक्षा कोणता खूप पुढे गेलाय ते बघा. त्याखालच्या कमेंट वाचा.

शब्द बरोबर, पण उत्तर उशिरा

आमच्याकडून इथेही चुकलं. पहिल्या आवृत्तीत पाटा चौथ्या मिनिटाला आला, आधी बाजार, मग मसाल्याची ओळख. स्टुडिओत अॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स उघडून ‘यूट्यूब सर्च’ वर गेलं की लोक कोणते शब्द लिहून आले ते दिसतं. शब्द बरोबर होते. म्हणजे निवड चुकलेली नव्हती. पण प्रेक्षक टिकण्याचा आलेख दुसऱ्या मिनिटाआधीच खाली येत होता.

तुमचं कुठे अडलंय ते असंच ओळखा. व्हिडिओ लोकांना दाखवला जातोय पण कुणी उघडत नाही, तर टायटल आणि थंबनेल बदला. उघडतात पण निघून जातात, तर उत्तर पुढे आणा. आणि शब्दांच्या यादीत भलतेच शब्द असतील, तर तुमचा व्हिडिओ दुसऱ्याच प्रश्नाला उत्तर देतोय. तो प्रश्न पकडून वेगळा व्हिडिओ करा.

आम्ही बाजाराचा भाग कापला आणि वर्णनात वेळेनुसार भाग पाडले. पहिला भाग 0:00 पासूनच सुरू करावा लागतो, किमान तीन भाग लागतात आणि प्रत्येक किमान 10 सेकंदांचा. पाट्याच्या भागाला नाव दिलं ‘बोंबलातलं पाणी काढणं’, म्हणजे लोक लिहितात तेच शब्द.

एकदाच शोधून यादी कायमची ठेवणं

1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ताज्या बोंबलाचे शोध तेव्हा मंदावतात आणि सुक्या बोंबलाचे वाढतात. गूगल ट्रेंड्समध्ये ‘यूट्यूब सर्च’ निवडून दोन्ही शब्द शेजारी ठेवले की चढउतार दिसतो. ते आकडे 0 ते 100 असे तुलनेचे असतात, शोधांची संख्या नव्हे, आणि फार लांबलचक शब्दाला तिथे काहीच दिसत नाही. म्हणून लहान शब्द ट्रेंड्सवर आणि लांब प्रश्न सूचनांवर, असं आम्ही वाटून घेतलंय. सुक्या बोंबलाच्या चटणीचा व्हिडिओ आम्ही मे महिन्याच्या मध्यावर टाकतो, बाजारात सुकी मासळी भरायला गर्दी सुरू होते तेव्हा. ताज्या बोंबलाची सूचनायादी नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा काढतो.