व्यायाम करणाऱ्यांनी फायबर कसं वाढवावं: पोट न बिघडवता

सोलापुरात जिमला लागलेला मुलगा सगळ्यात आधी भाकरी सोडतो. मग भात, अंडी, चिकन खाऊन पोट साफ होत नाही, तासाभरात पुन्हा भूक लागते. त्यावर 'सरळ इसबगोल घे' असा सल्ला देणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय.

आधी हिशोब. 1000 कॅलरीमागे साधारण 15 ग्रॅम फायबर. रोज 2600 कॅलरी खाणाऱ्याला सुमारे 39 ग्रॅम लागतं, आणि वर सांगितलेल्या जेवणातून, डाळ-भाजी धरूनही, 17च्या आसपास मिळतं.

आता अवघड भाग. ही 22 ग्रॅमची तूट एका दिवसात भरायला गेलात तर गॅस, पोटफुगी आणि कळा ठरलेल्या. आतड्यातले जिवाणू विरघळणारं फायबर आंबवतात आणि त्यातून वायू होतो. या वाढीव खुराकाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून आठवड्याला साधारण 5-6 ग्रॅम, त्याहून जास्त नाही. पहिल्या आठवड्यात रोज एक भाकरी, म्हणजे 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठातून 6 ग्रॅम. दुसऱ्या आठवड्यात दुसरी भाकरी, तेवढा भात कमी करून. तिसऱ्यात 30 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, चौथ्यात एक मध्यम पेरू. पोट फुगलं तर मागे जाऊ नका, आहे तिथेच आणखी आठवडाभर थांबा. मटकी रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, गॅस कमी होतो.

पाणी सोबत वाढलंच पाहिजे. मे महिन्यात इथे घामातच इतकं पाणी जातं की नुसतं फायबर वाढवलं तर मल उलट कडक होतो. लघवी गडद पिवळी दिसली की समजा, पाणी कमी पडतंय. इसबगोल तर कमी पाण्यात घेऊच नका, घशात अडकतो.

ज्वारीतलं फायबर बहुतेक न विरघळणारं असतं. ते मलाला आकार देतं आणि पुढे ढकलतं, पण भूक फार वेळ थोपवत नाही. ते काम विरघळणाऱ्या फायबरचं: पाण्यात त्याची खळ होते आणि अन्न जठरातून हळू पुढे सरकतं. त्यासाठी डाळ, ओट्स, भिजवलेली मेथी किंवा चमचाभर कुटलेलं जवस जेवणात हवं. शेंगाचटणीसोबत जवसाची चटणीही घ्या.

मात्र पळायच्या आधी दोन-तीन तास उसळ, पेरू, भाकरी काही नको. धावताना पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि भरलेलं आतडं मग वाटेतच थांबायला लावतं. तेव्हा केळं किंवा थोडे पोहे पुरेत. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री मी उसळ टाळून सरळ वरणभात जेवतो.

आणि 39 झाले की थांबा. जास्त फायबरनं पोट इतकं भरतं की कष्टाच्या दिवशी लागणारं अन्नच जात नाही. वजन नकळत उतरायला लागलं, तर आधी एक भाकरी कमी करून भात वाढवा.