क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि सिगारेट: या चुका टाळा

आतड्याच्या जुनाट दाहाच्या रुग्णाच्या फाइलवर बहुधा ‘आयबीडी’ एवढीच अक्षरे असतात आणि पहिली चूक तिथेच सुरू होते. या एकाच नावाखाली क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस असे दोन आजार येतात आणि धूम्रपानाच्या बाबतीत ते परस्परविरुद्ध वागतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस धूम्रपान न करणाऱ्यांत अधिक आढळतो, हे ब्रिटनमधील संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. क्रोन्स मात्र धूम्रपान करणाऱ्यांत अधिक होतो आणि अधिक उग्र राहतो, असे त्यानंतर वारंवार दिसले. ‘सिगारेट आतड्याला चांगली’ हे कुठेतरी वाचून क्रोन्सचा रुग्ण निर्धास्त झाला, तर तो दुसऱ्याच आजाराची माहिती स्वतःला लावत असतो. म्हणून आपल्याला दोहोंपैकी नेमका कोणता आजार आहे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यावे.

‘ऑपरेशन झाले, आता पोट ठीक आहे’

क्रोन्समधील सर्वांत महागडी चूक हीच आहे. उदाहरणादाखल असा रुग्ण डोळ्यांसमोर आणा: वय ३६, लहान आतड्याचा शेवटचा भाग अरुंद झालेला, तो कापून उरलेले आतडे मोठ्या आतड्याला जोडलेले. सहा महिन्यांत वजन वाढते, पोटदुखी थांबते आणि दिवसाला पाच सिगारेटी पुन्हा सुरू होतात. शस्त्रक्रियेने खराब झालेला भाग काढला जातो, आजार काढला जात नाही. तो बहुधा जोडाच्या जरा वर, आत्तापर्यंत निरोगी असलेल्या आतड्यात पुन्हा उगवतो. तिथले व्रण कोलोनोस्कोपीत दिसू लागतात तेव्हा रुग्णाला अनेकदा कसलाही त्रास नसतो आणि त्रास सुरू होईपर्यंत महिने किंवा वर्षेही जाऊ शकतात. त्यामुळे पोट ठीक वाटत असले तरी शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी करून घ्यावी लागते.

अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, शस्त्रक्रियेनंतर धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत आजार परतण्याची शक्यता सुमारे दुप्पट आणि दहा वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे अडीचपट आढळली. ज्यांनी धूम्रपान सोडले होते, त्यांचे प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास होते. शस्त्रक्रियेच्या आधीचे आठवडेही महत्त्वाचे आहेत. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते, त्यामुळे जखम आणि आतड्याचा जोड नीट भरून येण्यात अडथळा येतो. शक्य असेल तर किमान चार आठवडे आधी सिगारेट बंद करावी. मात्र शस्त्रक्रिया तातडीची असेल, तर त्यासाठी ती लांबवू नये.

कमी करणे आणि सोडणे यांत गल्लत

वीसवरून पाचवर आलो, यात रुग्णाला समाधान वाटते, पण क्रोन्समध्ये थोड्या सिगारेटीही त्रासदायक ठरतात. फ्रान्समधील एका अभ्यासात वर्षभराहून अधिक काळ पूर्ण दूर राहिलेल्यांचा आजार उसळण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांइतका झालेला दिसला. बिडीला यातून सूट नाही.

सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बद्धकोष्ठ होऊ शकते, तोंडात छाले येऊ शकतात. हे निकोटिन तुटल्यामुळेही होते आणि क्रोन्समुळेही, त्यामुळे ‘सोडल्यापासून आजार वाढला’ असे समजून पुष्कळ जण पुन्हा सिगारेट पेटवतात. शंका असल्यास शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी करावी: आतड्यात दाह असेल तर ती साधारणतः वाढलेली असते, नुसत्या बद्धकोष्ठाने वाढत नाही. पोट फुगून कळा येत असतील, उलट्या होत असतील आणि वायूही सरकत नसेल, तर ती अरुंद आतड्यात अडथळा आल्याची लक्षणे असू शकतात; तेव्हा तपासणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सिगारेटला औषध मानणे

इथे चित्र खरोखर निराळे आहे, आणि ते रुग्णापासून लपवण्यात काही अर्थ नाही. सिगारेट सोडल्यानंतर काहींचा आजार उसळतो. काहींत तर तो पहिल्यांदा सोडल्यानंतरच उघड होतो. तरीही सिगारेटचा सल्ला कोणी देत नाही. निकोटिनच्या पट्ट्या वापरून केलेल्या चाचण्यांत सक्रिय आजाराला थोडा उपयोग दिसला, पण शांत झालेला आजार शांत ठेवण्यासाठी त्या प्रभावी ठरल्या नाहीत, शिवाय मळमळ आणि चक्कर वाढली. धुराने होणारे हृदयाचे आणि फुप्फुसांचे नुकसान तर वेगळेच, आणि या आजारात रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही मुळातच जास्त असतो.

म्हणून अशा रुग्णाने आजार शांत असताना, डॉक्टरांना आधी सांगून सिगारेट सोडावी. सोडण्यापूर्वी कॅल्प्रोटेक्टिनची एक नोंद घ्यावी, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे आणि मेसालामाइनसारखे चालू औषध मध्येच थांबवू नये. आकडा वाढला किंवा रक्त दिसू लागले, तर औषधाचा डोस किंवा प्रकार बदलतात. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असे निदान झालेल्या काहींना पुढे क्रोन्स असल्याचे लक्षात येते, हेही ध्यानात असू द्यावे. निदान बदलले, की सिगारेटबद्दलचे सगळे गणितही उलटते.