लांबच्या गिऱ्हाइकासाठी पैठणीचं वर्णन: लिहायला बसण्याआधी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका पैठणीच्या वर्णनात मी रंगापुढे ‘जांभळा’ एवढंच लिहिलं. साडी इंदूरला गेली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "अहो ताई, मी जांभळी मागवली होती, ही तर निळी आहे. दुसरीच आली का?" दुसरी आली नव्हती. फोटोतलीच साडी होती. पण त्या बाईंनी फोटो बघून आधीच जांभळा ब्लाउज शिवायला टाकला होता. साडी परत आली, दोन्ही वेळचा कुरियरखर्च माझ्या माथी. म्हणून आता लिहायला बसण्याआधी काय काय हाताशी ठेवते ते सांगते.

दादरच्या दुकानात आलेली बाई साडी उचलते, दारापर्यंत जाऊन उजेडात धरते, पदर उलटा करून बघते. इंदूरच्या बाईला यातलं काहीच करता येत नाही. ते सगळं आपण करायचं आणि दिसलं ते लिहायचं.

लांबी, रुंदी, ब्लाउजपीस साडीतच आहे की सुटा, फॉल-पिको झालंय का, हे टेप लावून लिहा. अंदाजाने नको. पुढे.

आता रंग. ती साडी एकधोटी होती, म्हणजे अंगाचा बाणा एकाच धोट्याने भरलेला आणि ताण्याचा रंग बाण्यापेक्षा वेगळा. ताणा राणी, बाणा मोरपंखी निळा. दोन्ही धागे डोळ्यात मिसळतात म्हणून टेबलावरची घडी जांभळी दिसते. कापडात जांभळा धागा एकही नाही! रेशमाच्या धाग्यावर उजेड एका बाजूने चमकतो. त्यामुळे साडी फिरवली की कधी ताणा पुढे येतो, कधी बाणा. त्यात नेसल्यावर दिशा बदलते: ताणा साडीच्या लांबीने जातो, म्हणजे कमरेभोवती आडवा येतो, आणि बाणा निऱ्यांमध्ये उभा. म्हणून घडी जांभळी, निऱ्या निळ्या, आणि दुमडलेल्या कडेला राणी झाक. त्या बाईंनी निऱ्या घालून आरशात बघितलं आणि निळी म्हणाल्या. खोटं काय बोलल्या?

तेव्हा वर्णनात दोन्ही धाग्यांचे रंग लिहा. ‘धूपछाव’ लिहून सुटू नका. तो शब्द वाचून कोणाला कुठले दोन रंग ते कळत नाही. रंग ओळखायची सोय साडीतच असते. पदराच्या टोकाला जे मोकळे धागे सुटलेले असतात, त्या दशा, ते सगळे ताण्याचे. ते पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. ब्लाउजपीसच्या कापलेल्या कडेचा एक आडवा धागा सुईने ओढून काढा, तो बाणा. दोन धागे शेजारी ठेवून फोटो काढा, तोही टाका. पदराचा बाणा जरीचा असतो, पण ताणा तोच असतो. म्हणून सोनेरी पदरावरही राणी झाक येते. ही ओळ लिहायची राहिली की ‘जर लालसर का दिसते’ असा फोन येतो.

फोटो आमच्या गॅलरीत सकाळी काढते. उजेड असतो पण ऊन अंगावर नसतं. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो, कितीही देखणा आला तरी, टाकू नका. निळा धागा त्यात मेल्यासारखा दिसतो. तीन फोटो हवेत: सपाट घडी, उभ्या निऱ्या, आणि एक कोपरा दुमडलेला. फोटोखाली कुठला कशाचा ते लिहा. शक्य असेल तर कापड हळूहळू फिरवत दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. आणि तरीही दोन्ही धाग्यांचे रंग शब्दांत लिहाच, कारण प्रत्येकाच्या फोनचा पडदा वेगळा. माझ्या फोनवरचा मोरपंखी माझ्या जावेच्या फोनवर चक्क शाळेच्या गणवेशाचा निळा दिसतो.

आणखी एक, ज्यावरून भांडण होतं: साडी हीच मिळणार की अशीच? रेशीम घाणी घाणीने रंगतं. त्याच विणकराकडून पुढच्या महिन्यात आलेली राणी जरा फिकी असू शकते. फोटोतलीच साडी पाठवणार असाल तर तसं लिहा, दुसरी विणून घेणार असाल तर तेही. पण त्या वाक्याआड लपू नका. ‘रंगात थोडा फरक असू शकतो’ हे घाणीतल्या फरकाला चालतं. जांभळ्याच्या जागी निळी निघाली त्याला चालत नाही. मी तेच वाक्य त्या बाईंना ऐकवायला गेले होते, आता आठवलं की लाज वाटते.

खरेपणाबद्दल. पदराच्या उलट्या बाजूचा फोटो नाही तर बाकी सगळं लिहिणं फुकट. हाताने विणलेल्या पदरात मोराच्या प्रत्येक रंगाचा बाणा वेगळा असतो आणि तो शेजारच्या रंगात अडकवून माघारी वळतो. त्यामुळे मागची नक्षी पुढच्यासारखीच दिसते, फार तर बारीक गाठी आणि जोड. मागे लोंबते किंवा कातरलेले धागे दिसले तर नक्षी तशी विणलेली नाही. काही हातमागांवर काठ जॅकार्डने काढतात. तो हातमागच, पण तसं लिहून टाका. गिऱ्हाइकाला ते नंतर कळलं की पदरावरचाही विश्वास जातो.

सिल्क मार्कचं लेबल फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं. यंत्रमागावरच्या रेशमी साडीलाही ते मिळतं, म्हणून त्याचा फोटो टाकून ‘हातमागाचा पुरावा’ म्हणू नका. हातमागाचा हँडलूम मार्क वेगळा. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून प्रत्येक साडी येवल्याची होत नाही. तुमची कुठे विणली ते ठाऊक असेल तरच गावाचं नाव घाला. जर चांदीची की तांब्यावर मुलामा दिलेली, हे विणकराला विचारून लिहा. नुसतं ‘अस्सल जर’ लिहिलं की समोरचा सोनं समजतो.

एखादा जाड धागा, जरा तिरकी बुट्टी, याचा जवळून फोटो टाका. मात्र तेलाचा डाग हा डागच, त्याला हातमागाची खूण म्हणायचं नाही.

निगा थोडक्यात लिहा, लांबण कोणी वाचत नाही. घरी धुवू नये, ड्रायक्लीन. अत्तर आधी मारून मग साडी नेसावी, कारण त्याने जर काळी पडते. सुती कापडात गुंडाळावी, प्लास्टिकमध्ये नको, मुंबईच्या पावसाळ्यात तर नकोच, आत दमट होऊन बुरशी येते. तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर त्याच रेघेवर जर तुटते. इस्त्री उलट्या बाजूने, मंद.

परतीचे दिवस, कुरियरचा खर्च कोणाचा, फॉल लावल्यावर परत नाही, हे शेवटी. पाठवायच्या आधी बाईंना दशा आणि बाण्याच्या धाग्याचा तो फोटो पुन्हा पाठवा आणि विचारा, ब्लाउज कुठल्या रंगाचा शिवताय?